प्राइड ऑफ लायन्स म्हणजे "सिंहांचा अभिमान" नव्हे! समूहदर्शक शब्द आणि पिल्लांची नावं

नमस्कार मंडळी, विट्यातून बोलतेय. मागच्या व्हिडिओखाली कमेंटचा पाऊस पडलाय आणि निम्म्या कमेंट एकच विचारतायत, ताई प्राइड ऑफ लायन्सला मराठीत काय म्हणायचं. एका दादांनी तर आख्खा तक्ता टाकलाय, डावीकडं इंग्रजी उजवीकडं मराठी, आणि त्यात लिहिलंय सिंहांचा अभिमान. दादा, राग नाही, तुम्ही मुलीसाठी मनापासून बसून केलंय ते दिसतंय. पण तो तक्ता तेवढा बाजूला ठेवा, कारण खरी अडचण त्या तक्त्यातच आहे.

सोपं ते पटकन सांगते, स्कॉलरशिपवाल्यांना पाठच असतंय. सिंहांचा कळप, हत्तींचा कळप, पक्ष्यांचा थवा, माकडांची टोळी, उंटांचा तांडा. पिल्लं म्हणाल तर गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोड्याचं शिंगरू, हरणाचं पाडस, सिंहाचा छावा. झालं. प्राइडला कळप, फोलला शिंगरू, आणि गाढवाच्या पिल्लालाही इंग्रजीत फोल आणि आपल्यातही शिंगरूच, तिथं दोन्ही भाषांचं छान जुळतंय.

आता जुळत नाही तिथं या.

थवा घ्या. तक्त्यात लिहिलंय पक्ष्यांचा थवा, म्हणून एका पोरानं निबंधात लिहिलं, "आमच्या अंगणात कोंबड्यांचा थवा दाणे टिपत होता." बोलून बघा बरं मोठ्यानं. कानाला खटकतंय की नाही? कोंबड्या पक्षीच आहेत, मग खटकतंय का? कारण थवा म्हटलं की डोळ्यासमोर आभाळ येतं, उडणारे पक्षी येतात. म्हणजे तो शब्द नुसता "कुणाचा" ते सांगत नाही, ते काय करतायत हेपण सांगतोय. बगळे बांधावर बसलेत तर नुसते बगळे बसलेत, उडाले की त्यांचा थवा, आणि सांजच्याला एकामागं एक ओळीनं चालले की बगळ्यांची माळ. पक्षी तोच, शब्द बदलला.

आणि हे फक्त मराठीतच आहे असं नाही. इंग्रजीत गीज म्हणजे ती मोठी बदकासारखी हंसाच्या जातीतली पाखरं, ती जमिनीवर किंवा पाण्यात असली की गॅगल आणि तीच उडाली की स्केन. आता मला सांगा, तुमच्या तक्त्यात गीजपुढं एकच रकाना आहे, त्यात लिहिणार काय?

प्राइडबद्दल पण दोन शब्द सांगते, कारण इंग्रजीत कावळ्यांच्या समूहाला मर्डर म्हणतात त्यावरून पण कमेंट आहेत. हे दोन्ही शब्द पंधराव्या शतकातल्या इंग्रजी याद्यांमधले आहेत, आणि प्राइड तर 1486 साली इंग्लंडमध्ये छापलेल्या बुक ऑफ सेंट अल्बन्स नावाच्या पुस्तकातल्या यादीत आहे. शिकार, ससाणे पाळणं असल्या खानदानी लोकांच्या शौकाचं ते पुस्तक. त्यातला प्राइड पुढं खरोखर कामाला लागला. आज वन्यजीव अभ्यासक प्राइड म्हणतात तेव्हा एकमेकींच्या नात्यातल्या सिंहिणी, त्यांचे छावे आणि सोबत थोडे नर असं कुटुंबच त्यांना म्हणायचं असतं. मर्डर मात्र कोड्यात आणि क्विझमध्येच जास्त दिसतो, पक्ष्यांचा अभ्यास करणारी माणसं साधं फ्लॉक म्हणतात. म्हणून त्याचा मराठी शब्द शोधत बसू नका, कावळ्यांचा थवा म्हणा, तोपण उडत असतील तरच.

बघा, परत तिथंच आले मी.

आता आपल्या भागाचं सांगते. माझं माहेर आटपाडी तालुक्यात. चौथीत मला प्रश्न होता, मेंढ्यांचा काय. मी लिहिलं "खांड". घरामागच्या माळावर रोज मेंढरांचं खांड बसायचं, आमचे आजोबा तसंच म्हणायचे. बाईंनी लाल रेघ मारली, कळप लिही म्हणाल्या. कळप बरोबरच आहे वो, पण खांड चूक कसं? पन्नास-शंभर मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या माणसाचा तो रोजचा शब्द आहे. आणि धनगर बिऱ्हाडं मेंढरांसकट मुक्कामाला आली की तो होतो वाडा. "वाडा आलाय शिवारात" म्हणतात, तेव्हा त्यात माणसं, मेंढरं, घोडी, कुत्री सगळी आली. फिरताना खांड, मुक्कामाला वाडा. ती लाल रेघ मला अजून सलते.

आणि खिल्लार! खिल्लार बैल आपण अभिमानानं सांगतो, आटपाडीचा, म्हसवडचा. पण खिल्लार हा मुळात गुरांच्या कळपालाच शब्द आहे, आणि ती गुरं राखणारा तो खिल्लारी. समूहाचा शब्द जातीला चिकटला. तुमच्या दावणीला एकच बैल असला तरी त्याच्या नावात आख्खा कळप आहे.

आता पिल्लांकडं. इथंही तेच, फक्त "काय करतंय"च्या जागी "किती वाढलंय" विचारायचं.

इंग्रजीत काफ म्हणजे गाईचं वासरू हे पाठ केलेलं असतं, मग प्राण्यांचा व्हिडिओ मराठीत करताना लोक हत्तीचं वासरू लिहितात, देवमाशाचं वासरू लिहितात. इंग्रजी काफ हत्तीला, देवमाशाला, जिराफाला, सगळ्यांना चालतो. आपलं वासरू फक्त गाईचं. म्हशीचंसुद्धा नाही, तिचं रेडकू. हत्तीला सरळ पिल्लू म्हणा, त्यात कमीपणा काही नाही.

पण वासरू तरी किती दिवस वासरू? वासरू, करडू, कोकरू, शिंगरू, रेडकू, सगळी "ते" आहेत बघा, नपुंसकलिंगी. नर का मादी ते अजून शब्दात आलेलं नाही. गाईचं वासरू थोडं वाढलं की शब्द फुटतो, मादी असली तर कालवड, नर असला तर खोंड. मग खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या जत्रेत जाऊन खोंडाचं वय विचारा, मालक वर्षं सांगणारच नाही, तोंड उघडून दात दाखवील. दुधाचेच दात असले तर आदत. साधारण दोन-अडीच वर्षांत पुढचे दोन पक्के दात आले की दुसा, चार झाले की चौसा, सगळे आले की जुळला. शर्यतीच्या बॅनरवर "आदत मैदान" लिहितात ते हेच.

इंग्रजीतपण घोड्याचं असंच आहे. वर्षाच्या आत फोल, त्यानंतर साधारण चार वर्षांपर्यंत नर असला तर कोल्ट, मादी असली तर फिली. म्हणून तीन वर्षांच्या फिलीचं भाषांतर शिंगरू केलं तर चुकलं. तिथं "तरुण घोडी" म्हणा, वाचणाऱ्याला नीट कळतं.

शेवटी तासगावच्या एका ताईंचा प्रश्न, कोंबडीच्या पिल्लाला पिल्लूच म्हणायचं का दुसरं काही. ताई, लहान असताना पिल्लूच. पण मोठं झालंय, अंड्यावर यायला टेकलंय, त्या वयाच्या कोंबडीला तुमच्या सासूबाई काय म्हणतात विचारा. तलंग म्हणतील. आणि इंग्रजीत तिला पुलेट म्हणतात, तक्त्यात मांडता येईल अशी ही एक जोडी मात्र अगदी बरोबर जुळते.