आधी सामान, मग इशारा, मग हात

नमस्कार श्रोतेहो. घरच्या दुरुस्तीची माहिती रेडिओवर सांगायची, तर वाक्यांचा क्रम फार जपावा लागतो. वाचणारा माणूस पान उलटून मागे जाऊ शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. तो स्टुलावर उभा राहून ऐकत असतो आणि कानावर पडेल ते लगेच करत असतो.

छताच्या पंख्याचा कपॅसिटर बदलण्याचं एक टिपण माझ्याकडे सुधारायला आलं होतं. त्याची सुरुवात अशी होती: "स्टुलावर चढा. दांड्यावरची वाटी खाली सरकवा. कपॅसिटरच्या दोन वायरी कापा, नवा जोडा, टेप गुंडाळा." आणि अगदी शेवटी, "काम करताना मेन स्विच बंद असावा." यातली माहिती चुकीची नाही, पण ती ज्या वेळी ऐकू येते तोवर वायर कापून झालेली असते.

मी पहिल्यांदा कामाचे दोन भाग केले, कारण नवा कपॅसिटर आणायचा तर जुन्यावरचा आकडा आधी वाचावा लागतो. पुष्कळ पंख्यांत तो 2.5 मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट असतो, पण सगळ्यांत नाही. म्हणून पहिल्या दिवशी वीज बंद करून वाटी उतरवायची, मोबाईलवर आकड्याचा आणि वायरींचा फोटो घ्यायचा, वाटी पुन्हा बसवायची आणि दुकानात जायचं. हे सांगण्याआधीही एक वाक्य हवं: रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्याला ही कृती लागू नाही. आणि बंद पंख्याची पाती हाताने फिरवून पाहा. अडखळत असतील तर बिघाड बहुधा बेअरिंगचा आहे, कपॅसिटर बदलून काही होणार नाही.

दुसऱ्या भागात सामान आधी: न डगमगणारी लाकडी शिडी, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, इन्सुलेशन टेप, नवा कपॅसिटर आणि खाली उभं राहणारं एक माणूस. ही यादी सावकाश वाचायची आणि मग म्हणायचं, "हे सगळं हाताशी आलं की पुढे जाऊ." नाहीतर उघड्या वायरी लोंबकळत ठेवून माणूस टेप शोधायला खाली उतरतो.

आता वीज. "मेन बंद करा" एवढं वाक्य आपल्याकडच्या घरांत अपुरं आहे, कारण पुष्कळ घरांत इन्व्हर्टर असतो आणि पंखे-दिवे त्याच्यावरच असतात. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो पंख्याच्या वायरीत वीज सोडतो. भिंतीवरच्या बटणावरही विसंबू नये. वायरिंग उलटं झालं असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज वर पंख्यापर्यंत जिवंत राहते. म्हणून मी असं लिहिलं: "टेस्टर चालतो का, हे वीज असतानाच एका सॉकेटवर पाहून ठेवा. मग शिडीला हात लावण्याआधी मेन बंद करा. इन्व्हर्टर असेल तर त्याचा आउटपुटही बंद करा. आता वर चढा, वाटी उतरवा आणि उघड्या टोकांना टेस्टर लावा. दिवा लागला तर हात न लावता खाली या आणि वायरमनला बोलवा." यानंतर निवेदकाने काही क्षण थांबायचं. ही शांतता मी कंसात लिहूनच देते.

दुसरा इशारा वायर कापण्याच्या अगदी आधी येतो. वीज तोडल्यावर कपॅसिटरमधला चार्ज बहुतेक वेळा वाइंडिंगमधून उतरून जातो. वाइंडिंग तुटलेलं असेल तर मात्र तो आतच राहू शकतो. म्हणून कापलेल्या टोकांना बोट लावायचं नाही. आधी होल्डरमधल्या जुन्या तारेच्या बल्बच्या दोन वायरी त्या दोन टोकांना क्षणभर टेकवायच्या. एलईडी बल्ब चालत नाही. हा इशारा लिहिल्यावर लक्षात येतं, की बल्ब आणि होल्डर सामानाच्या यादीत नाहीत. मग यादी पुन्हा लिहावी लागते. इशारे ठरल्याशिवाय सामानाची यादी पुरी होत नाही, म्हणून ती लिहायची शेवटी आणि वाचायची पहिली.

सगळे इशारे सुरुवातीलाच सांगून मोकळं होऊ नये, कारण चार मिनिटांनी त्यातला एकही आठवत नाही. वाक्याच्या पोटातही हाच क्रम ठेवायचा. "वायर कापा, पण टोकांना हात लावू नका" असं म्हटलं तर "कापा" ऐकताच पक्कड मिटते. "टोकांना हात न लावता, आता पक्कडीने वायर कापा" असं म्हणायचं.

टिपण पुरं झालं की ते हे काम कधीच न केलेल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवते, उतरवून जमिनीवर ठेवलेल्या पंख्यासमोर. तो प्रत्येक वाक्याला हात चालवतो. "थांबा, हे कुठून आणू?" असं त्याने विचारलं की ती वस्तू यादीत जाते. इशारा ऐकू येण्याआधीच पक्कड वायरीवर गेली, की तो इशारा एक वाक्य वर सरकतो.