‘कोकम आगळ’ कोणत्या अक्षरात?

[दृश्य: टेबलावर गडद जांभळ्या लेबलची बाटली. त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘कोकम आगळ’.]

या लेबलसाठी एका बाईंकडून माझ्याकडे आलेली मागणी एका ओळीची होती. ‘अक्षर हाय कॉन्ट्रास्ट, राउंडेड आणि थोडं कंडेन्स्ड हवं.’ तिन्ही शब्द मला रोजचे, म्हणून मी काही न विचारता कामाला लागलो. चूक तिथेच झाली.

अक्षरांच्या कामात कॉन्ट्रास्ट म्हणजे एकाच अक्षरातल्या जाड आणि बारीक रेघांमधला फरक. तिरप्या कापाच्या बोरूने ‘र’ काढून बघा. डावीकडे उतरणारी रेघ जाड येते आणि उजवीकडे जाणारा पाय बारीक निघतो. रोमन लिपीत हे उलट असतं. कॅपिटल ए अक्षराचा डावा पाय बारीक, उजवा जाड. म्हणून एखादं इंग्रजी अक्षर दाखवून ‘मराठीत असंच करा’ म्हटलं, तर जाडी कुठे ठेवायची हे वेगळं बोलावं लागतं.

मी ‘हाय कॉन्ट्रास्ट’ वाचलं आणि केसासारख्या बारीक रेघांचं, डौलदार अक्षर निवडलं. छापून आलं तेव्हा ‘क’च्या बारीक रेघा जागोजागी तुटल्या होत्या. गडद पार्श्वभूमीवरचं पांढरं अक्षर म्हणजे शाई न लागलेला कागद. भोवतालची शाई थोडी जरी पसरली, तरी बारीक रेघ बुजते.

[दृश्य: भिंगाखाली ‘क’ची तुटलेली रेघ.]

फोनवर उलगडा झाला. त्या बाईंना अक्षर लांबून ठळक दिसायला हवं होतं. त्यांचा कॉन्ट्रास्ट रंगांमधला होता, माझा रेघांमधला. ‘जाड-बारीक फरक कमी ठेवा, रंगभेद जास्त’ एवढं लिहिलेलं असतं, तर ती छपाई वाया गेली नसती.

‘राउंडेड’चंही तसंच. रेघेची टोकं गोल करता येतात, किंवा अक्षराची पोटं गोल करता येतात. ‘ळ’ची दोन्ही पोटं भरदार गोल ठेवून टोकं सरळ कापलेली चालतात, आणि पोटं चपटी ठेवून टोकं गोलही करता येतात. दोन्ही अक्षरांचा स्वभाव अगदी वेगळा. मी विचारलं, ‘टोकं गोल की पोटं गोल?’ उत्तर आलं, ‘पोटं. बरणीसारखी.’ मला तो शब्द फार आवडला, कारण त्यातून आकार थेट डोळ्यांसमोर आला.

आता कंडेन्स्ड, म्हणजे अरुंद अक्षर. बाटली न फिरवता समोरून पाच सेंटिमीटरच दिसतात, त्यामुळे ही गरज खरी होती. पण अरुंद अक्षर मुळात तसंच काढलेलं असावं लागतं. घाईत रुंद अक्षर संगणकावर आडवं दाबलं जातं. ते कसं ओळखायचं? काना आणि शिरोरेषा शेजारी ठेवून बघा. दोन्हींची जाडी दहा असेल आणि अक्षर सत्तर टक्के रुंदीवर आणलं, तर काना सातवर येतो, शिरोरेषा मात्र दहाच राहते. छप्पर जड आणि खांब किडकिडीत. ‘म’ आणि ‘ग’मधली पोकळीही आक्रसते.

[दृश्य: तोच शब्द दोनदा. वर दाबलेला, खाली मुळात अरुंद काढलेला.]

‘ह्यूमनिस्ट’ हा शब्द या मागणीत नव्हता, पण चर्चेत आलाच. रोमनमध्ये त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे एडवर्ड जॉन्स्टन यांनी 1916 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी केलेलं अक्षर: रेघांच्या टोकांना सजावटीचे पाय नाहीत, रेघ जवळपास एकसारखी, पण प्रमाणं जुन्या हस्तलिखित वळणाची. देवनागरीसाठी मी ‘हातवळणाचं’ म्हणतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेचं ‘मुक्ता’ बघा. रेघ एकजाड, तरी वळण हाताचं. हातवळण म्हटलं की जाड-बारीक फरक आलाच, असा समज असतो. तो इथे दूर होतो.

[दृश्य: वहीत हाताने लिहिलेली नवी मागणी.]

शेवटी आम्ही मागणी अशी लिहिली: ‘गडद जांभळ्यावर पांढरं अक्षर. रेघ ठसठशीत, जाड-बारीक फरक अगदी कमी. ळ आणि क यांची पोटं गोल, टोकं सरळ. अक्षर मुळात अरुंद काढलेलं. दाबून केलेलं नको. वळण हाताचं.’

खाली एक ओळ बाईंनी स्वतः लिहिली: ‘लेबलच्या खऱ्या मापात छापून, हातभर लांबून ळची दोन्ही पोटं उघडी दिसतात का ते बघणे.’