इसार किती द्यावा? कॉलची किंमत आणि डेल्टाचा अर्थ

(फोंडा येथे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

समजा, पेडण्यात मोपा विमानतळाच्या बाजूला तुम्ही एक जागा पाहिलीत. भाटकाराला इसार दिलात, आणि ठरलं की तीन महिन्यांत ठरल्या भावाने ती जागा तुम्ही घेऊ शकता. भाव चढला तर व्यवहार पुरा करायचा, पडला तर इसार सोडून द्यायचा. शेअर बाजारातला कॉल ऑप्शन हाच आहे. प्रीमियम म्हणजे इसार. तो किती असावा, हा आजचा प्रश्न.

फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ साली याचं सूत्र प्रसिद्ध केलं. रॉबर्ट मर्टन यांनी त्याच वर्षी त्याला आणखी भक्कम पाया दिला. फळ्यावर लिहितो.

```
d1 = [ln(S/K) + (r + σ²/2)·T] / (σ·√T)
d2 = d1 − σ·√T
C  = S·N(d1) − K·e^(−rT)·N(d2)
```

S हा शेअरचा आजचा भाव, K हा स्ट्राइक, म्हणजे ठरलेला भाव. T ही मुदत वर्षांत, r हा व्याजदर, σ ही वार्षिक व्होलॅटिलिटी, म्हणजे वर्षभरात भाव किती वर-खाली हलतो त्याचं माप. N(x) म्हणजे प्रसामान्य वितरणाच्या घंटेसारख्या वक्राखालचं, x च्या डावीकडचं क्षेत्रफळ. पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात तेच छापलेलं असतं.

आता आकडे घालू. शेअर ५०० रुपये, स्ट्राइक ५२०, मुदत तीन महिने म्हणजे ०.२५ वर्ष, व्याज ६ टक्के, व्होलॅटिलिटी ३० टक्के. मधल्या काळात लाभांश नाही असं धरू.

आधी छेद काढा, तो दोनदा लागतो. ०.२५ चं वर्गमूळ ०.५, म्हणून σ√T झालं ०.१५. अंशात ५०० भागिले ५२० चा नैसर्गिक लॉगॅरिथम उणे ०.०३९२. दुसरं पद (०.०६ + ०.०४५) गुणिले ०.२५, म्हणजे ०.०२६२५. बेरीज उणे ०.०१३०. तिला ०.१५ ने भागलं की d1 = −०.०८६५, आणि त्यातून ०.१५ वजा केले की d2 = −०.२३६५.

बरेच जण चुकतात ते इथेच. तक्त्यात बहुधा धन किमतीच असतात. ०.०९ समोर ०.५३५९ दिसतं आणि घाईत तेच उतरवलं जातं. आपला d1 ऋण आहे, म्हणून ते १ मधून वजा करायचं. कॅल्क्युलेटरने नेमकं काढलं तर N(d1) = ०.४६५५ आणि N(d2) = ०.४०६५. e^(−rT) येतं ०.९८५१, म्हणून स्ट्राइकची आजची किंमत ५२० × ०.९८५१, म्हणजे ५१२.२६. मग पहिलं पद २३२.७७, दुसरं २०८.२५, आणि कॉलची किंमत २४.५२ रुपये. दोन दशांशांपर्यंतच्या तक्त्याने केलंत तर २४.४८ येईल. चार पैशांचा हा फरक तक्त्याचा आहे, तुमचा नाही.

वर्गात एका मुलाचं उत्तर १३२ आलं होतं. पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या, फक्त T च्या जागी ०.२५ ऐवजी ३ घातले होते. उत्तर शेअरच्या भावापेक्षा कमी होतं, म्हणून त्याला शंका आली नाही. अशा वेळी एक ढोबळ आडाखा कामाला येतो: स्ट्राइक आजच्या भावाच्या आसपास असेल तर कॉल साधारण ०.४ × S × σ√T. इथे तो ३० येतो. आपला स्ट्राइक थोडा वर आहे, म्हणून ३० हून थोडं कमी हवं. २४.५२ बसतं, १३२ बसत नाही.

आता त्या दोन पदांकडे नीट पाहा, कारण मला सगळ्यात जवळचं वाटणारं यात आहे. कॉल विकणारा माणूस काय करतो? गिऱ्हाइकाकडून २४.५२ घेतो, २०८.२५ कर्ज काढतो, आणि त्या २३२.७७ रुपयांत ०.४६५५ शेअर विकत घेतो. सूत्रातलं पहिलं पद म्हणजे त्याच्या हातातले शेअर, दुसरं म्हणजे त्याचं कर्ज. N(d1) हाच डेल्टा: एका कॉलमागे किती शेअर धरायचे तो आकडा. शेअर एक रुपया चढला की कॉल सुमारे ४७ पैसे चढतो, आणि त्याच्याकडचे शेअरही तेवढेच देतात.

शेअर पुढे चढेल की पडेल, हे सूत्रात कुठेच विचारलेलं नाही, ते यामुळेच. विकणाऱ्याने हातातल्या शेअरांनी दिशेची जोखीम झाकलेली असते. जागेच्या इसाराला हे सूत्र का लावता येत नाही, तेही इथेच कळतं: आज जागेचा ०.४७ भाग घेतला, उद्या त्यातला थोडा विकला, असं पेडण्यात कुणी करू शकत नाही.

डेल्टाला पुष्कळ जण ‘कॉल पैशात संपण्याची शक्यता’ म्हणतात, म्हणजे मुदत संपताना भाव स्ट्राइकच्या वर असण्याची शक्यता. ते चुकीचं आहे. सूत्राच्या जगात, म्हणजे शेअर सरासरी व्याजदराइतकाच वाढतो असं धरलं तर, ती शक्यता N(d2) आहे: ०.४०६५. डेल्टा तिच्याहून मोठा, कारण ज्या वेळी कॉल वापरला जातो त्या वेळी शेअर ५२० च्या वर असतो, म्हणजे हातात येणारी वस्तू महाग असते. N(d1) मध्ये ते वजन धरलेलं आहे, N(d2) मध्ये फक्त शक्यता. मुदत लांब आणि व्होलॅटिलिटी जास्त असली की दोघांतली दरी रुंदावते.

एक हजार शेअरवरचा कॉल विकलाय आणि ४६६ शेअर घेऊन ठेवलेत असं समजा. त्याच दिवशी भाव ५२० झाला. शेअरवर ९,३२० रुपये मिळाले. पण नव्याने सूत्र लावलं तर कॉल ३४.८८ चा झाला, म्हणजे देणं १०,३६० ने वाढलं. हजारभर रुपये तुटले. बरं, भाव ४८० ला पडला असता तर? शेअरवर ९,३२० गेले, आणि कॉल १६.२७ वर येऊन देणं फक्त ८,२५० ने उतरलं. पुन्हा हजारभर तूट! दोन्हीकडे तूट, कारण डेल्टा स्वतःच हलतो: ५२० ला तो ०.५७ असतो, ४८० ला ०.३६. या हलण्याला गॅमा म्हणतात. चढल्यावर आणखी शेअर घ्यायचे, पडल्यावर विकायचे, म्हणजे विकणारा दर वेळी महाग घेतो आणि स्वस्त देतो. दिवस सरतात तसा कॉलचा भाव झिजतो, त्यातून ही तूट भरून निघते. पण शेअर ३० टक्क्यांच्या हिशेबानेच हलला तरच.

म्हणून खरा वाद σ चा. पाचांपैकी चार आकडे पडद्यावर दिसतात, हा एकच अंदाजाने घालावा लागतो. आपल्या उदाहरणात तो एका टक्क्याने वाढवला, ३० चा ३१ केला, तर कॉल जवळपास एक रुपयाने महागतो. व्याजदर एका टक्क्याने वाढवला तर जेमतेम ५२ पैसे. बाजार उलट दिशेने चालतो: प्रीमियम दिसतो, त्यावरून σ काढतात. एकाच शेअरच्या, एकाच मुदतीच्या वेगवेगळ्या स्ट्राइकवर तो वेगवेगळा निघतो. सूत्राने तर एकच σ धरलेला आहे.

शेवटी समोरून आलेला प्रश्न घेतो: ‘रात्रीत निकाल लागून शेअर ५०० वरून थेट ४३० ला उघडला तर?’ मधे शेअर विकायला वेळच मिळाला नाही, ४६६ च्या ४६६ हातात राहिले. शेअरवर ३२,६२० गेले. कॉल शून्यावर आला असं धरलं तरी देणं २४,५२० पेक्षा जास्त उतरू शकत नाही. उरलेले ८,१०० विकणाऱ्याच्या खिशातून जातात. डेल्टाचा आकडा चुकला नव्हता. तो ५०० च्या आसपासच्या छोट्या हालचालीचा होता, आणि भाव त्या टापूतून न थांबता पार निघून गेला.