चौदा माणसांचं घर आणि पहिली दहा पानं

नमस्कार मंडळी. कादंबरीत एकत्र कुटुंब आलं, की लिहिणारा पहिल्याच पानावर रेशनकार्ड वाचून दाखवायला लागतो. समजा, बेळगावच्या शहापुरात विणकराचं घर आहे आणि घरात चौदा माणसं. सुरुवात अशी: ‘तात्यांना तीन मुलगे, सुरेश, सुनील आणि सतीश. सुरेशची बायको सुजाता, सतीशची सुमन...’

झालं, वाचक इथंच गळाला! एक तर सगळी नावं ‘स’ची. घाईत वाचताना आपण नाव पूर्ण वाचत नाही, पहिलं अक्षर आणि लांबी बघून पुढं सरकतो. म्हणून एकाला नागेश करा, एकाला परशराम. हे सोपं काम.

अवघड असतं ते नातं. नातं सांगून लक्षात राहत नाही, कुणाला कुणाकडून काहीतरी हवं असलं की राहतं. म्हणून सुमनला, धाकट्या सुनेला, अडचणीत टाकूया. साडी मागावर अर्धी आहे, कांड्या भरायला सूत नाही, व्यापारी उधार देत नाही, नवरा गावाला गेलाय. ती थोरल्या दिराकडं जाते. नागेश नोटा मोजत असतो, तिला बघून गादीखाली सारतो आणि म्हणतो, “तात्यांना विचार.” तात्यांना नेमकं त्याच वेळी ऐकू येत नाही. शेवटी शांता तांदळाच्या डब्यातून पैसे काढून देते आणि हळूच म्हणते, “ह्यांना कळू देऊ नकोस हां.”

त्या ‘ह्यांना’मध्ये शांता नागेशची बायको हे आलं, शिवाय त्यांचा संसार कसा चाललाय तेही आलं. प्रसंगात नावं चारच. उरलेल्या दहांपैकी पोरांचा माडीवर नुसता दंगा ऐकू येऊ दे. ज्याचं काम पडेल त्याला तेव्हा नाव द्या.

आपल्या घरांत अजून एक भानगड असते. हीच शांता सुमनला आक्का, परशरामला वैनी, पोरांना आई. संवादात हे सगळं येणारच, आलंच पाहिजे. पण निवेदनात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत शांताच. आणि सुमन पहिल्यांदा ‘आक्का’ म्हणेल ते शांताच्या हातात तो डबा असताना, म्हणजे कोण ते वेगळं सांगावं लागत नाही. गोष्ट सुमनच सांगत असेल तर मात्र उलटं करा: निवेदनात आक्का, आणि तात्यांनी एकदा ‘शांते’ अशी हाक मारली की पुरे.

सुरुवातीला वंशवृक्ष छापायचा? छापा की. पण पानं उलटून तिथं परत परत जावं लागत असेल, तर प्रकरण दुरुस्तीला आलंय.

तपासायचं कसं? पहिली दहा पानं कुणाला तरी वाचायला द्या आणि दुसऱ्या दिवशी विचारा, पैसे कुणी लपवले, कुणी दिले? नाव नाही आठवलं तरी चालेल. “तो गादीखाली सारणारा” एवढं आलं, तर नागेश बसला. “त्यातला कुठला तरी भाऊ” असं आलं, तर त्या भावाला अजून काही काम दिलेलं नाही.