मानेतली गाठ आणि वाया गेलेले महिने

नमस्कार मंडळी. मी कॅन्सरच्या पेशंट्सबरोबर सोशल वर्कर म्हणून काम करते, आणि आज मला 15 ते 39 या वयातल्या पेशंट्सबद्दल बोलायचंय, कारण यांचा आजार बऱ्याचदा फार उशिरा कळतो.

घणसोलीचा एक मुलगा, वय 22, महापेला पहिलीच नोकरी. मानेत बाजूला गाठ आली, दुखत नव्हती म्हणून दोन महिने कुणाला सांगितलंच नाही. मग संध्याकाळी ताप, रात्री घामाने बनियन ओलं, वजन सहा किलो उतरलं. घरच्यांना वाटलं बाहेरचं खाणं आणि जागरणं. डॉक्टर म्हणाले टीबी. आता यात त्यांचं अगदीच चुकलं असं नाही, आपल्याकडे मानेतल्या गाठीचं टीबी हे खूप कॉमन कारण आहे आणि ताप, घाम, वजन सगळं तसंच असतं. पण सुईने तपासणी केली त्यात टीबीचे जंतू सापडले नव्हते, तरी गोळ्या सुरू झाल्या. गाठ वाढली तर सांगितलं की टीबीच्या औषधाने सुरुवातीला गाठ फुगू शकते, थांबा. हे खरंही आहे, म्हणूनच तर यात वेळ जातो ना. चार महिन्यांनी काखेत दुसरी गाठ आली तेव्हा कुठे अख्खी गाठ काढून बायोप्सी झाली, आणि निघाला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा एक कॅन्सर. या आजारात गाठीत कॅन्सरच्या पेशी अगदी थोड्या असतात, बाकी सगळ्या साध्या, त्यामुळे सुईत त्या हुकतात. म्हणून सुईत जंतू मिळाले नसतील आणि औषधं घेऊन गाठ वाढतच असेल तर सरळ विचारा, पूर्ण गाठीची बायोप्सी कधी करायची?

हॉजकिन बरा होणाऱ्या कॅन्सरपैकी आहे, उशिरा कळला तरी बरेच पेशंट बरे होतात, फक्त तेव्हा ट्रीटमेंट जास्त लागू शकते. हा मुलगा केमोसाठी दर दोन आठवड्यांनी यायचा. वॉर्डात एका बाजूला लहान मुलं, दुसरीकडे आजोबांच्या वयाचे, याच्याशी बोलणारं बरोबरीचं कुणीच नाही. नोकरी प्रोबेशनवर, एवढी रजा मिळणार कशी, त्याला झोप यायची नाही ती याच्यामुळे.

आणि एक गोष्ट केमोच्या आधीच करायची असते. काही केमोमुळे पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मुलांचं वीर्य आणि मुलींची बीजांडं आधी गोठवून ठेवता येतात. मुलाचं काम एका दिवसात होतं, मुलींना साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून त्यांना तर पहिल्याच भेटीत सांगायला हवं. पण सोबत आई, काका, मामा बसलेले असताना हा विषय काढणार कोण? आमच्या डॉक्टर मॅडम घरच्यांना म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर चहा घेऊन या. दार लागलं तसं तो मुलगा पहिल्यांदा स्वतःहून बोलला, "मॅडम, माझं लग्न होईल का हो?"