लिंबाच्या उजव्या कडेची पांढरी रेघ

आज आपण एकच चित्र घेऊन बसू. निळ्या पार्श्वभूमीवर एक पिवळं लिंबू आणि त्याच्या देठाशी एक हिरवं पान. हे चित्र रिसोग्राफवर कसं उतरेल, स्क्रीन प्रिंटमध्ये कसं आणि सायनोटाइपमध्ये कसं, एवढंच पाहायचं आहे. हल्ली कुठल्याही चित्राला ‘छापील’ रूप द्यायचं झालं, की त्यावर सरसकट दाणे पसरले जातात, सगळ्या कडांना लाल-निळी झालर लावली जाते आणि वर कागदाचा पोत पांघरला जातो. मला ते खटकतं. छपाईतला दोष कुठेही उगवत नाही. तो यंत्रामुळे, शाईमुळे किंवा कागदामुळे येतो, आणि म्हणून त्याची जागा ठरलेली असते.

आधी रिसो. १९८०च्या दशकात जपानच्या रिसो कागाकू कंपनीने हे यंत्र कार्यालयं आणि शाळांसाठी बाजारात आणलं. दिसायला झेरॉक्स मशीनसारखं, पण आत सगळं वेगळं. मास्टर नावाच्या पातळ पडद्यावर गरम होणाऱ्या सूक्ष्म ठिपक्यांची ओळ बारीक छिद्रं पाडते. तो मास्टर ड्रमवर गुंडाळला जातो, आणि ड्रमच्या आतली शाई त्या छिद्रांतून कागदावर येते. एका ड्रममध्ये एकच रंग. त्यामुळे आपल्या लिंबाच्या चित्राच्या दोन फाइली करायच्या, एक पिवळ्यासाठी, एक निळ्यासाठी, आणि दोन्ही काळ्या-पांढऱ्या. रंग कोणता ते ड्रम ठरवतो, फाइल नाही.

हिरव्याचा ड्रम आपण घेतलेलाच नाही. मग पान हिरवं कसं होणार? रिसोची शाई पारदर्शक असते. पिवळ्यावर निळी चढली की हिरवा दिसतो. म्हणून निळ्या फाइलमध्ये पार्श्वभूमी सलग भरायची आणि फक्त लिंबाच्या आकाराचं भोक ठेवायचं. पिवळ्या फाइलमध्ये लिंबू आणि पान, दोन्ही भरीव. पिवळा आधी छापायचा, कारण कागद दुसऱ्यांदा यंत्रातून जाताना रबरी रोलर पहिल्या रंगावरून फिरतो. ती शाई तेलाची असते, कागदात मुरून बसते, पण कडक वाळत नाही. रोलर तिचे पट्टे ओढतो. पिवळ्याचे पट्टे सहसा डोळ्यांत येत नाहीत, गडद निळ्याचे लगेच येतात.

आता दुसऱ्या फेरीत कागद जरासा सरकला आणि निळा रंग एक मिलिमीटर उजवीकडे गेला असं धरा. छापखान्यात म्हणतात, रजिस्ट्रेशन आउट झालं. काय दिसेल? निळ्यातलं भोकही उजवीकडे गेलं. म्हणजे लिंबाच्या उजव्या कडेला कोरा कागद उघडा पडतो, पांढऱ्या चंद्रकोरीसारखा. डाव्या कडेला उलट, निळा लिंबावर चढतो आणि तिथे हिरवी कोर उमटते. दोन्ही कोरी सारख्याच जाडीच्या, मधल्या भागात सर्वांत रुंद, लिंबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला निमुळत्या होत संपलेल्या.

पानाकडे मात्र नीट पाहा. त्याची कड बिनचूक आहे! पानाचा आकार फक्त पिवळ्याने घडवला आहे, निळा तिथे आरपार सलग पसरलेला आहे. निळा असा थोडा सरकला तरी पानाची कड हलत नाही. हे ज्याला कळलं त्याने चित्रातल्या प्रत्येक आकाराभोवती पांढरी रेघ काढू नये. जिथे एका रंगात दुसऱ्यासाठी भोक ठेवलेलं असतं तिथेच ती रेघ येते. जिथे रंगावर रंग चढवलेला असतो तिथे नाही.

शिवाय पूर्ण कागदावर सरकण्याची दिशा एकच असते. लिंबू उजवीकडे उघडं पडलं, तर शेजारचं दुसरं लिंबूही उजवीकडेच उघडं पडणार. कागद तिरका घुसला असेल तर हे अंतर एका टोकापासून दुसऱ्याकडे हळूहळू वाढत जातं, पण मनाला येईल तसं उड्या मारत नाही. आणि पुढच्या प्रतीत ते थोडं वेगळं असतं, कारण प्रत्येक कागद नव्याने आत ओढला जातो.

सलग निळ्या भागाचं काय? तो कधीच सपाट दिसत नाही. शाई बिनचकचकीत, शोषणाऱ्या कागदावर बसते. कागदाच्या तंतूंमध्ये जिथे खोलगट आहे तिथे ती पोहोचत नाही आणि बारीक पांढरे ठिपके राहतात. म्हणजे पोत शाईच्या न लागण्यातून दिसतो, वरून घातलेल्या आवरणातून नाही. सगळ्या चित्रावर, उघड्या पांढऱ्या कडेवरही, पोत सारखाच दिसला तर ओळखा की तो नंतर चिकटवला आहे. आणि तो पांढराही पडद्यावरचा पांढरा नव्हे, कागदाचा जो रंग असेल तो.

स्क्रीन प्रिंटमध्ये दोषांचा स्वभाव बदलतो. इथे ताणलेल्या जाळीवर प्रकाशाने कडक होणारं इमल्शन लावून आकार अडवतात आणि स्क्वीजी नावाच्या रबरी पट्टीने शाई जाळीतून खाली ढकलतात. थर जाड पडतो. शाई अपारदर्शक घेता येते, म्हणून आधी सलग निळा छापून वर पिवळं लिंबू ठेवता येतं. तेव्हा भोकच लागत नाही आणि पांढरी कोर पडायला जागाच राहत नाही. पण पान आता आपोआप हिरवं होणार नाही. त्यासाठी हिरव्या शाईची तिसरी जाळी करावी लागेल, किंवा पिवळा मुद्दाम पारदर्शक करून घ्यावा लागेल, आणि मग लिंबूसुद्धा हिरवं होईल. रंगांचा क्रम इथे उघड दिसतो. तिरक्या उजेडात धरलं तर लिंबाची कड बोटाला लागेल इतकी उंच असते, आणि कागदाचा पोत शाईखाली दबलेला असतो. इमल्शन नीट बसलं नसेल तर तिरक्या कडांवर जाळीच्या धाग्यांचे करवतीसारखे दात दिसतात.

सायनोटाइपला शाईच नाही. १८४२मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेल्या या पद्धतीत फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं द्रावण ब्रशने कागदावर लावतात, वर निगेटिव्ह किंवा खरंखुरं पान ठेवून उन्हात धरतात आणि पाण्यात धुतात. जिथे ऊन पडलं तिथे प्रशियन ब्लू तयार होतो, झाकलेला भाग कागदाचाच राहतो. एकच रंग, एकच फेरी, म्हणून रजिस्ट्रेशन चुकण्याचा प्रश्नच येत नाही. सायनोटाइपच्या नावाखाली सरकलेला रंग दाखवला, तर ते चूक आहे. सायनोटाइपवर नंतर दुसरी प्रक्रिया चढवली, तर गोष्ट निराळी. तेव्हा कागद भिजून वाळताना आकसतो आणि रंग खरोखर जुळत नाहीत.

आपल्या पानाचं इथे जे होतं ते मला फार आवडतं. पान जिथे कागदाला टेकलेलं आहे तिथे कड धारदार, शिरा स्पष्ट. जिथे त्याचं टोक वर उचललेलं आहे तिथे ऊन खालून शिरतं आणि कड विरघळत निळ्यात जाते. एकाच पानाच्या दोन कडा वेगळ्या. दाणे नाहीत, ठिपके नाहीत, निळा तंतूंच्या आत रंगल्यासारखा. आणि चित्राच्या सीमेवर ब्रशचे ओबडधोबड फटकारे, कारण द्रावण हाताने लावलं होतं. अल्कधर्मी कागदावर हा निळा फिका पडतो, म्हणून कागद निवडताना तो ॲसिड-फ्री आहे एवढंच पाहून भागत नाही. त्यात कॅल्शियम कार्बोनेटची भर नाही ना, हेही विचारावं लागतं. लिंबू मात्र पिवळं होणार नाही. त्याची भरीव सावली फक्त पांढरी गोल जागा म्हणून उमटेल, आणि लिंबू गोल असल्यामुळे ते कागदाला एका छोट्या जागीच टेकेल, तेव्हा त्या गोलाची कड चहूबाजूंनी धूसर असेल.