फक्त मिनिमम ड्यू भरत राहिलात, तर क्रेडिट कार्डाची बाकी फिटायला किती महिने?

समजा कार्डावर १,००,००० बाकी आहे. चलन कुठलंही असू दे. व्याज महिन्याला ३ टक्के. मिनिमम ड्यू म्हणजे व्याज धरून झालेल्या बाकीच्या ५ टक्के, पण ५०० पेक्षा कमी नाही. कार्ड कपाटात ठेवलंय, नवी खरेदी बंद. आणि दर महिन्याला मिनिमम न चुकता भरताय.

पहिल्या महिन्यात ३,००० व्याज लागलं, बाकी झाली १,०३,०००. तिचे ५ टक्के म्हणजे ५,१५० तुम्ही भरले. त्यातले ३,००० व्याजातच गेले आणि मूळ बाकी उतरली फक्त २,१५० ने.

इथवर ठीक आहे. पण पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी, म्हणून मिनिममही थोडं कमी. बिल हलकं होत जातं, आपल्याला बरं वाटतं, आणि खरी मेख तिथेच आहे. भरणा बाकीच्या मागोमाग घसरतो, त्यामुळे बाकी दर महिन्याला जेमतेम २.१५ टक्क्यांनी उतरते.

३२ महिन्यांनी हिशोब बघा. खिशातून सुमारे १,२०,००० गेलेत, म्हणजे घेतलं त्याहून जास्त. आणि बाकी अजून जवळपास ५०,००० आहे!

शेवटपर्यंत गेलात तर १३७ महिने लागतात. साडेअकरा वर्षांना एक महिना कमी. एकूण व्याज साधारण १,३१,०००. आणि कर्ज संपतं तेही त्या ५०० च्या अटीमुळे. ती नसती तर टक्क्यांच्या हिशोबात बाकी शून्यावर कधी आलीच नसती.

आता एकच बदल करू. पहिल्या महिन्यात जे ५,१५० भरले, तेच दर महिन्याला भरायचे. बिलावर मिनिमम कितीही कमी दिसो. पहिल्या महिन्यापेक्षा एक पैसाही जास्त नाही. कर्ज ३० महिन्यांत संपतं आणि व्याज होतं साधारण ५२,२००.

तुमच्या कार्डाचा हिशोब स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत निघतो. (स्क्रीनवर)

```
=NPER(0.03,-5150,100000)
```

आधी महिन्याचा व्याजदर, मग ठरलेला भरणा उणे चिन्हासकट, मग बाकी. उत्तर येतं २९.५५, म्हणजे ३० वा हप्ता थोडा लहान. मात्र हे सूत्र ठरलेल्या भरण्यासाठीच आहे. घसरत्या मिनिममसाठी महिन्यागणिक एकेक ओळ मांडावी लागते. शिवाय मिनिमम काढायची पद्धत प्रत्येक कार्डाची वेगळी असते, ती कार्डाच्या अटींत वाचा.

सूत्रात भरण्याच्या जागी -3000 टाकून बघा. स्प्रेडशीट #NUM! दाखवेल. तेवढं तर नुसतं व्याजच आहे, त्यामुळे महिने मोजायला काही उरतच नाही. आणि बाकी असताना कार्ड घासत राहिलात, तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. व्याज खरेदीच्या दिवसापासूनच सुरू होतं, आणि वरचे सगळे आकडे आणखी लांबतात.